संबंधानंतरची जळजळ: रबराला दोष देण्याआधी घड्याळ बघा

प्रश्न: मी सोलापूरचा, वय ३१, लग्नाला दोन वर्षं झाली. चार-पाच महिन्यांपासून संबंधानंतर लिंगाच्या टोकाला जळजळ होते, दुसऱ्या दिवशी खाज सुटते, कातडी लाल होते. मित्र म्हणतो रबराची ॲलर्जी असेल. पण एकदा कंडोम नव्हता, नुसतं जेल लावलं होतं, तेव्हाही झालं. मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की दोन दिवसांत बरं वाटतं, नंतर पुन्हा तेच. गुप्तरोग तर नसेल ना? बायकोला काही त्रास नाही.

उत्तर:

तुम्ही जेलबद्दल जे एक वाक्य लिहिलंत, ते बाकीच्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त कामाचं आहे. त्या दिवशी रबर नव्हतंच, म्हणजे निदान त्या वेळच्या त्रासात तरी रबराचा हात नव्हता. ‘डॉक्टर, मला रबर चालत नाही’ असं सांगत येणारे पुरुष ओपीडीत बरेच असतात. त्यातल्या बहुतेकांचा दोषी रबरावर चोपडलेला एखादा पदार्थ निघतो, नाहीतर नंतर धुवायला वापरलेलं काहीतरी. खरी रबराची ॲलर्जीही असते आणि ती गंभीर असू शकते, म्हणून तिच्याकडे शेवटी येतोच. पण आधी वेळेचा हिशोब मांडू, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

त्रास किती वेळाने सुरू झाला, हा पहिला प्रश्न. संबंध चालू असतानाच किंवा संपल्यावर तासा-दोन तासांत चुरचुर सुरू झाली, खाजेपेक्षा आग जास्त आहे आणि एक-दोन दिवसांत आपोआप निवलं, तर तो बहुधा साधा दाह असतो. इथे शरीराचं त्या पदार्थाशी वैर नसतं. पदार्थच तिखट असतो किंवा नाजूक कातडीवर जास्त वेळ राहिलेला असतो. असा दाह कोणालाही होऊ शकतो आणि तो मात्रेवर अवलंबून असतो: थोडं लावलं तर थोडा, जास्त लावलं तर जास्त.

दुसरा प्रकार म्हणजे खरी स्पर्शाची ॲलर्जी. ही उशिरा येते, एक-दोन दिवसांनी. हिच्यात आगीपेक्षा खाज जास्त असते. कातडी लाल होते, सुजते, बारीक पाणीदार पुरळ येतं, मग पापुद्रे निघतात आणि हे सगळं निवायला आठवडा-दोन आठवडे जातात. इथे मात्रेला फारसा अर्थ नसतो, थोडंसं लागलं तरी पुरतं. ‘पण डॉक्टर, हीच वस्तू मी वर्षभर वापरतोय, तेव्हा काही झालं नाही’ हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतं. ही ॲलर्जी पहिल्या वापरात होतच नाही. शरीर आधी त्या पदार्थाची ओळख करून घेतं, त्याला काही आठवडे लागतील किंवा काही वर्षं, आणि मग एक दिवस ते भांडायला उठतं. त्यामुळे जुनी, सवयीची वस्तू निर्दोष असते असं मुळीच नाही.

तिसरा प्रकार झटपट येतो. काही मिनिटांत, फार तर अर्ध्या-पाऊण तासात गांधी उठतात, खाज सुटते, लिंग किंवा अंडकोषाची कातडी सुजते, कधी शिंकाही येतात. रबराच्या चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी अशी वागते.

तुमच्याकडे आधी आग आणि दुसऱ्या दिवशी खाज, असं दोन्ही आहे. असं मिश्रण दिसलं की मी दोन कारणं एकत्र आहेत का ते शोधतो. एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसिंगमध्ये काम करणारा, पस्तिशीचा माणूस. तक्रार जवळपास तुमच्यासारखीच. तो स्वतःच ‘रबर’ असं निदान करून आला होता. मी त्याला विचारलं, कामावर हातात काय घालता? म्हणाला, रबरी हातमोजे, आठ-आठ तास. हाताला कधी खाज? नाही. मुलाच्या वाढदिवसाला फुगे फुगवताना ओठ सुजले का? नाही. केळं, पपई खाल्ल्यावर घशात खवखव? नाही. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी काहींना केळं, किवी, ॲव्होकाडो, पपई अशी फळंही सोसत नाहीत, म्हणून हा प्रश्न. ज्याचे हात दिवसभर रबरात असून शाबूत आहेत, त्याला फक्त रात्री पंधरा मिनिटं रबराची ॲलर्जी होईल, हे मला पटेना.

मग तपासलं. लाली फक्त टोकावर आणि पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूला होती. लिंगाचा दांडा, बुडाशी जिथे कंडोमची कडी घट्ट बसते ती जागा, अंडकोष, जांघा, सगळं स्वच्छ. रबराची किंवा रबर बनवताना वापरतात त्या रसायनांची ॲलर्जी असती, तर जिथे जिथे रबर टेकलं तिथे खूण दिसायला हवी होती, कडीच्या जागी तर हमखास. फक्त टोकावर पुरळ म्हणजे कंडोमच्या आत, टोकाशी असलेल्या कशावर तरी संशय जायला हवा. मी म्हटलं, पुढच्या वेळी पाकीट घेऊन या.

त्याने आणलेल्या पाकिटावर ‘जास्त वेळ’ छापाचं काहीतरी लिहिलं होतं आणि मागे बारीक अक्षरांत बेन्झोकेन. हे बधिर करणारं औषध आहे. अशा कंडोमच्या आतल्या टोकाला त्याची क्रीम असते, त्याने संवेदना कमी होते आणि वेळ लांबतो. इथे एक गोम आहे. बधिर कातडीला घर्षण जाणवत नाही, त्यामुळे बारीक ओरखडे पडत असले तरी त्या वेळी कळत नाहीत. अर्ध्या-एक तासाने बधिरपणा उतरला की एकदम आग होते. माणसाला वाटतं ॲलर्जी आत्ता सुरू झाली. प्रत्यक्षात इजा आधीच झालेली असते. पुढची कातडी शाबूत असेल, तर ती क्रीम कातडीखाली अडकून तासन्‌तास तिथेच राहते.

पण बेन्झोकेनची गोष्ट इथे संपत नाही. स्पर्शाची ॲलर्जी घडवणाऱ्या पदार्थांमध्ये हे नाव जुनं आणि बदनाम आहे. मी त्याला सहज विचारलं, केसांना काय लावता? म्हणाला, काळी मेहंदी, पण दोन वर्षांपूर्वी कानामागे आणि मानेवर एवढी खाज सुटली की सोडून दिली. हा धागा महत्त्वाचा. बाजारातल्या बहुतेक काळ्या मेहंदीत आणि हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याची रचना बेन्झोकेनच्या रचनेशी जवळची आहे. एकाची ॲलर्जी असलेल्या काहींचं शरीर दुसऱ्यालाही तोच शत्रू समजतं. मानेवरची मेहंदीची खाज आणि कमरेखालची खाज या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच. पॅच टेस्ट केली, म्हणजे संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून कातडी काय म्हणते ते बघितलं. बेन्झोकेन आणि पीपीडी दोन्ही ठिकाणी लाल, सुजलेले, पुरळाचे ठिपके आले. थायुराम आणि मरकॅप्टो ही रबरातली रसायनं जिथे लावली होती ती जागा कोरी होती.

उरली होती ती लगेचची, जास्तीची आग. ती कुठून यायची हे दुसऱ्या भेटीत कळलं. गुप्तरोगाच्या धास्तीने तो प्रत्येक वेळी नंतर जंतुनाशक द्रव पाण्यात टाकून धूत असे, तोही अंदाजपंचे, बुचाने मोजून नाही. आधीच ओरखडलेल्या कातडीवर ते पडलं की आग होणारच. ॲलर्जी एकीकडे, दाह दुसरीकडे, आणि दोन्ही मिळून रबराच्या नावावर. साधा, बिनवासाचा, बेन्झोकेन नसलेला रबरी कंडोमच त्याला आजही चालतो.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या कंडोमच्या आणि जेलच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मला माहीत नाही, तेव्हा ते आधी वाचा. बेन्झोकेन किंवा लिडोकेन, चव आणि वास (स्ट्रॉबेरी, चॉकलेट वगैरे), ‘गरम’ किंवा ‘थंड’ परिणाम देणारं काही, शुक्राणू मारणारं नॉनऑक्सिनॉल-९, क्लोरहेक्सिडीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल ही नावं शोधा. ‘गरम-थंड’वाल्या वस्तूंबद्दल माझं मत स्वच्छ आहे: ज्या जागेची कातडी पापणीइतकी पातळ, तिथे मुद्दाम चुरचुर आणणारी वस्तू लावायची आणि मग चुरचुर का होते म्हणून डॉक्टरकडे जायचं, यात अर्थ नाही.

पाण्यावर आधारलेल्या जेलची आणखी एक बाजू आहे. जेल वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर घालतात. असं दाट जेल आजूबाजूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. या ओढीचं माप असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार ते शक्यतो ३८० मिलिऑस्मोल प्रति किलोच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत १२०० च्या वर नसावं. बाजारातली बरीच जेल याच्या कितीतरी पट वर होती. आपल्याकडे पाकिटावर हा आकडा क्वचितच छापतात, म्हणून सोपा उपाय सांगतो: घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन असेल आणि तुम्हाला त्रास होत असेल, तर बिनवासाचं सिलिकॉनचं जेल वापरून बघा. त्यात पाणी नसतं, त्यामुळे त्यात सहसा जंतूरोधकही घालावे लागत नाहीत आणि रबराला त्याचा धोका नाही. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल मात्र रबरी कंडोमसोबत अजिबात नको. तेलाने रबर काही मिनिटांतच कमजोर होतं आणि कंडोम फाटतो.

बायकोला त्रास नाही, ही चांगली गोष्ट. तरी तिला एक प्रश्न जरूर विचारा: ती आत काही वापरते का? योनीमार्गात ठेवायची गोळी, एखादी क्रीम, ‘इंटिमेट वॉश’. तिने रात्री वापरलेलं औषध तिला सोसतं आणि नवऱ्याच्या कातडीला सोसत नाही, असं मी पाहिलंय. विचारायला संकोच वाटत असेल तर ‘डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय’ म्हणा, बऱ्याच घरांत तेवढं पुरतं.

पुढचे दोन आठवडे असं करा. संबंध नकोत. साबण, जंतुनाशक, पावडर, ती ट्यूब, सगळं बंद. दिवसातून एकदा पुढची कातडी हलकेच मागे घेऊन कोमट किंवा साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, साध्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा आणि कातडी पुन्हा जागेवर आणा. कातडी मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि मग धावत सिव्हिल गाठावं लागतं. उन्हाळ्यात सुती, सैल चड्डी घाला. घामाने भिजलेली नायलॉनची चड्डी ही आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत स्वतंत्र तक्रार असते.

कातडी पूर्ववत झाली की जेलची घरगुती परीक्षा घेता येते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर तेच जेल सकाळ-संध्याकाळ लावा, रोज त्याच जागी, सात दिवस. मध्येच लाल होऊन खाज सुटली तर थांबा आणि धुऊन टाका, उत्तर मिळालं. काही झालं नाही तर ते बहुधा ॲलर्जी करणारं नाही, पण लिंगाची कातडी दंडाच्या कातडीपेक्षा कितीतरी नाजूक असल्यामुळे दाह करणारं असू शकतं. नंतर वस्तू एकेक करून परत आणा. आधी साधा कंडोम जेलशिवाय, तो दोन-तीन वेळा निभावला की मग नवं जेल. एकाच रात्री दोन्ही बदललंत तर दोष कोणाचा हे कधीच कळणार नाही. एक सावधगिरी: ज्यांना फुग्याने, हातमोज्याने किंवा कंडोमने झटपट गांधी, सूज, शिंका येतात, त्यांनी घरी रबराची कोणतीही परीक्षा घेऊ नये.

त्या ट्यूबबद्दल. मेडिकलवर सहज मिळणाऱ्या अशा बहुतेक ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात: एक जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीचं, एक जंतूंचं. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत दबते, कारण तसंच राहतं, म्हणून पुन्हा उलटतं. वारंवार लावलं की तिथली कातडी इतकी पातळ होते की साधं पाणीही झोंबायला लागतं. त्यात जांघेत गजकर्ण असेल तर स्टेरॉइडखाली ते दिसेनासं होऊन पसरतं. शिवाय त्यातल्या जंतूंच्या औषधाचीही ॲलर्जी होते, निओमायसीन त्यात प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्यावर औषध समजून लावतोय तेच खाज देतंय, असाही खेळ होतो. स्टेरॉइड लागतंच, पण सौम्य, आणि डॉक्टरांनी पाहून सांगितलेले मोजके दिवस.

गुप्तरोगाच्या शंकेचं थोडक्यात. लघवी करताना जळजळ, टोकातून पू किंवा स्राव, फोड, व्रण, जांघेत गाठ, यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एचआयव्हीमुळे संबंधानंतर लगेच अशी जळजळ होत नाही; मनात शंका असेल तर तिथेच आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, गुप्तपणे रक्त तपासता येतं. याहून जास्त वेळा सापडते ती बुरशी. दह्यासारखा पांढरा थर, बारीक लाल पुरळ, पुढच्या कातडीच्या कडेला चिरा. चिरा आणि आवळलेली कातडी दिसली की मी लगेच साखर तपासायला लावतो. कित्येक पुरुषांचा मधुमेह पहिल्यांदा असाच उघडा पडतो, तिशीतसुद्धा. तुम्ही उपाशीपोटीची साखर एकदा करून घ्याच.

आणि एक फसवी गोष्ट: टोकावर दर वेळी अगदी त्याच जागी गोल, लाल-काळसर डाग उठतो, आग होते, बरं झाल्यावर काळा डाग राहतो, असं असेल तर गेल्या दोन-तीन दिवसांत पोटात गेलेलं औषध आठवा. जुलाबाच्या काही गोळ्या, काही अँटिबायोटिक, वेदनाशामक असं करतात. संबंधाशी त्याचा काही संबंध नसतो.

आता खरी रबराची ॲलर्जी. मिनिटांत गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. खाजेची गोळी घेऊन वाट बघत बसण्याची ही वेळ नव्हे. संशय असेल तर रक्तातली रबराविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं तपासतात. सुईने त्वचेवर करायची चाचणी तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणीच होते. ॲलर्जी ठरली तर ती दाताच्या डॉक्टरांना आणि शस्त्रक्रियेआधी सर्जनला सांगणं फार गरजेचं, कारण त्यांचे हातमोजेही रबरीच असू शकतात. कंडोम मात्र सोडावा लागत नाही. पॉलियुरेथेनचे आणि पॉलिआयसोप्रीनचे कंडोम मिळतात, बहुतेक ऑनलाइन मागवावे लागतात. दोन्हींत चिकातली प्रथिनं नसतात. पण ज्याला थायुरामसारख्या रसायनांची, उशिरा येणारी ॲलर्जी आहे, त्याने पॉलियुरेथेनच निवडावा, कारण पॉलिआयसोप्रीन बनवताना तशी रसायनं वापरली जाऊ शकतात.

दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर, पाकिटं बदलूनही त्रास परतला, तर पॅच टेस्ट करून घ्या. भारतीय प्रमाणित संचात रबराची रसायनं, बेन्झोकेन, पीपीडी, सुगंधी द्रव्यं, पॅराबेन आणि निओमायसीन सगळं असतं, म्हणजे तुमचे बहुतेक संशयित एकाच पाठीवर बसतात. पट्ट्या ४८ तास ठेवतात, मग काढून बघतात आणि पुन्हा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी बघतात. दुसरी तपासणी टाळू नका, काही ॲलर्जी तेव्हाच उमटतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम गाळायचा नाही, तेव्हा शक्यतो मे महिना टाळा. इथल्या उन्हात पट्ट्या सुटून पडतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्याआधी पाठीवर स्टेरॉइडची क्रीम लावू नका, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. येताना कंडोमचं पाकीट, जेल, ती ट्यूब, साबण आणि बायको वापरत असेल ते औषध, सगळं एका पिशवीत घेऊन या.